उघड्या डोळ्यांची धवलारीण

माजिवड्याची शेवंती म्हातारी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा आली ती बैलगाडीतून, आणि उतरता उतरताच पडली. मी दारात उभा होतो. धावत गेलो, तर तिनं माझा हात झटकला आणि धुळीत बसल्या बसल्या म्हणाली, "हात नको लावू. पडायची सवय हाय मना. उठायची पन हाय."

मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधं खलायची, बाटल्या भरायच्या, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोस आखायचे, आणि डॉक्टरांचं डोकं फिरलं की ऐकून घ्यायचं, हे माझं काम. माझा स्वभाव मुळात तापट; रोगी रडायला लागला की मला राग यायचा. ही म्हातारी मात्र रडायला आलेली नव्हती. ती भांडायला आलेली होती, आणि तेही आमच्याशी नव्हे. म्हणूनच ती मला पहिल्याच दिवशी आवडली. (तिची बोली मी जमेल तेवढी लिहितो आहे. तंतोतंत लिहिली तर ठाण्याबाहेरच्या माणसाला अर्धी कळायची नाही.)

शेवंती धवलारीण होती. ज्यांनी आगऱ्यांचं लग्न पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. आपल्याकडे भटजीवाचून लग्न अडतं, तसं त्यांच्याकडे धवलारणीवाचून अडतं. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळं या बाईला तोंडपाठ. ती गायल्याशिवाय हळद लागत नाही. आणि सगळ्याच्या आधी ती देवांना लग्नाचं आवतण देते. मांडवाच्या मध्यभागी उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि गावदेवीपासून खाडीपलीकडच्या देवांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन 'या' म्हणायचं. माजिवड्यात हे काम शेवंतीचं, तिच्या आधी तिच्या सासूचं. तिचा नवरा मिठागरात राबून राबून गेला, मुलगा सहदेव त्याच मिठागरावर राबत होता, आणि घरात जी काही पत होती ती म्हातारीच्या गळ्यामुळे होती.

आता ती पत जाण्याची वेळ आली होती. कारण असं की गेल्या वर्षभरात ती दोन लग्नांत पडली. दोन्ही वेळा देवांना बोलावताना. हात जोडले, डोळे मिटले, दोनचार नावं घेतली आणि उभी म्हातारी आडवी. पहिल्यांदा लोकांनी पाणी पाजलं. दुसऱ्यांदा कुजबुज सुरू झाली. त्यात दुसऱ्या लग्नातल्या नवऱ्याचा बैल आठवड्याच्या आत मेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण हे सांगणार कोणाला? गावचा भगत भिवा, त्यानं जाहीर केलं की देवच तिला मांडवातून ढकलतात. तिच्या हातून काहीतरी पाप घडलंय, देवांना तिचं आवतण नको आहे.

आणि येत्या माघात तिच्या नातीचं, मालनचं, लग्न होतं. नवरा मुलगा खुद्द महिपत पाटलाचा. पाटलानं निरोप धाडला होता की धवला तुळसा गाईल. तुळसा ही शेवंतीचीच शिष्या, तरणीताठी, उभी राहिली की खांबासारखी.

हे सगळं म्हातारीनं बाकावर बसून आम्हाला सांगितलं. आमचे डॉक्टर गुरुदत्त तेव्हा तिशीचेही नव्हते. मुंबईच्या कॉलेजातून नवीनच पास होऊन आलेले, हुशार, पण गर्दीत घाई करायचे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आजी, वय झालं. अशक्तपणा आहे. ताकदीचं औषध देतो."

"वय काय आज झालं मना?" म्हातारी ताडकन म्हणाली. "दोन वर्षांमागं पन म्हातारीच व्हते. तवा नाय पडले. आनि ताकद नको मना. मिठाची भरली पाटी मी आजून उचलते. मना येवढंच सांग, देव पाडतो का काय पाडतो?"

गुरुदत्त डॉक्टरांचा मला आवडायचा गुण म्हणजे बोलणं लागलं की ते चिडायचे नाहीत, विचारात पडायचे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "बरं, मांडवात पडलात. आणखी कुठं कुठं पडता?"

ती आठवून सांगू लागली. सकाळी दगडावर उभी राहून तोंड धुते, तोंडावर पाणी मारते तेव्हा. एकदा तर पडवीत, पदरानं डोळे पुसताना. दिवेलागणीला मिठागराच्या बांधावरून येताना. अंधारात परसाकडे जाताना. भर उन्हात मोकळ्या वाटेवर मात्र हेलकावते, पण सहसा पडत नाही.

"पडताना शुद्ध जाते? हातपाय झाडता? जीभ चावली जाते?"

"शुद्ध कशाला जाईल? मी पडते ते मना चांगलं दिसतं. पडता पडता शिव्या पन देते."

सहदेव मागे उभा होता, तो हसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला भिंतीपासून दूर, फरशीवर अनवाणी उभं केलं. पाय जुळवून. मला म्हणाले, "मागे राहा. हात तयार ठेव." म्हातारी समोर खिडकीकडे बघत उभी राहिली. थोडी डुलत होती, पण उभी होती. मग डॉक्टर म्हणाले, "आता डोळे मिटा."

तिनं डोळे मिटले आणि झाड कापल्यासारखी सरळ माझ्या अंगावर आली. मी धरली. डॉक्टरांचे डोळे चमकले. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडलं की तरुण डॉक्टरला जो आनंद होतो तो मला चांगला ओळखता येतो, आणि रोग्यासमोर तो पाहून मला लाजही वाटते. पण म्हातारी त्यांच्याहून खूश झाली होती.

"परत," ती म्हणाली. "परत कर!"

परत केलं. परत पडली. इथं ना मांडव होता, ना देव. भिंतीवर घड्याळ होतं आणि कोपऱ्यात एरंडेलाचा डबा. ती माझ्या दंडाला धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभर तिला आतून काय खात होतं ते मला तेव्हा कळलं. गावाशी भांडत होती खरी, पण भिवाचं म्हणणं खरं असेल तर, ही शंका तिच्याही मनात होती.

मग डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा कडेनं धरून कधी वर, कधी खाली केला. "वर की खाली?" तिला सांगता येईना. वर केला तर खाली म्हणायची, खाली केला तर म्हणायची "हात लावलास का आजून?" गुडघ्याच्या खाली कापसाचा बोळा फिरवला तरी कळेना. मग त्यांनी अंगावर कुठं बधिर चट्टे आहेत का, कोपराजवळची शीर जाड झाली आहे का हे पाहिलं. सहदेवचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं होतं ते कोणता रोग शोधताहेत. "नाही," डॉक्टर स्वच्छ आवाजात म्हणाले, "तो रोग नाही." लघवीला मुंग्या लागतात का विचारलं. लागत नव्हत्या. डोकं इकडेतिकडे वळवून, झटकन झोपवून, झटकन उठवून घर फिरल्यासारखं वाटतं का विचारलं. तसंही होत नव्हतं. उजव्या डोळ्यावर धुकं होतं. डावा तर कोणा फिरत्या सुईवाल्यानं मोतीबिंदू पाडतो म्हणून कायमचा घालवला होता.

"आता ऐका आजी," डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "चुलीला तीन दगड असतात ना? माणसाचा तोल तसाच तिघांवर असतो. एक डोळे. दुसरे पाय, पायांच्या शिरा जमीन कुठं आहे, पाय कुठं आहे हे डोक्याला कळवतात. तिसरा कानाच्या आत असतो, तिथं तोल सांभाळणारी एक जागा आहे. तुमचा कानातला दगड मला शाबूत वाटतो. पायाचा मात्र गेला. शिरा मेल्या आहेत, पाय आहेत पण त्यांच्याकडून निरोप येत नाही. म्हणून सगळा भार डोळ्यांवर आला, आणि डोळा तरी किती, तर धुरकट असा एक. तो एक मिटलात, की भांडं कलंडलं. अंधार झाला, की तेच. देवांना बोलावताना तुम्ही डोळे मिटता. तोंडावर पाणी मारतानाही मिटता. देव दोन्हीकडे सारखाच असेल, पण पाडत नाही."

म्हातारीनं वाकून आपले पाय पाहिले. मिठाच्या पाण्यात भेगाळलेले, काळे, रुंद पाय. "यांनी मना सांगितलं पन नाय," ती हळूच म्हणाली. "मना वाटायचं मी कापसावर चालते. म्हटलं, म्हातारपनान जमीन मऊ होत असंल."

"शिरा कशानं गेल्या?" सहदेवनं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. मला हे उत्तर आवडलं. आमच्या धंद्यात ते फार कमी ऐकू येतं.

पण मला अजून एक गोष्ट टोचत होती. म्हातारीच्या कपाळावर आणि गालांवर बारीक लाल फोड होते. सोळा वर्षांच्या पोराला शोभावेत असे. शिवाय तिची जीभ जड वाटत होती, बोलता बोलता ती मध्येच पेंगायची. डॉक्टरांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी विचारलं, "औषध काय काय चालू आहे?"

सहदेवनं पिशवीतून बाटली काढली. स्टेशनाजवळ एक बाहेरगावचा डॉक्टर काही दिवस दुकान मांडून बसला होता. म्हातारी पहिल्या लग्नात पडली तेव्हा सहदेव तिला तिकडे घेऊन गेला. त्या शहाण्यानं न तपासताच मिरगी ठरवली आणि ही बाटली दिली. ती घेऊनही म्हातारी पडायची थांबेना, म्हणून त्यानं डोस वाढवला. मग जास्त पडायला लागली, म्हणून आणखी वाढवला. दुकान उठलं, डॉक्टर गेला, पण सहदेव मुंबईच्या दुकानातून तेच औषध आणवत राहिला. आईवर माया असल्याची ही खूण, आणि म्हणूनच मला त्याच्यावर चिडता येईना.

मी बूच काढून थेंब जिभेवर ठेवला. खारट. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ब्रोमाइड, मिरगीवर देतात ते गुंगीचं औषध.

"मिठासारखं लागतं," म्हातारी म्हणाली, "पन मीठ नाय. मीठ मी ओलखते."

शिवाय अफू. गुडघे दुखतात म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, सुरुवातीला मोहरीएवढी, आता हरभऱ्याएवढी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे भिवानं सांगितलेलं व्रत. देवांची समजूत पटेपर्यंत अळणी खायचं. मिठागरावर जन्मलेली, मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई आणि तिच्या ताटात मीठ नाही! तेव्हापासून तर ती भिंत धरून चालायला लागली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

"मिरगी नाही, तेव्हा ही बाटली बंद," डॉक्टर म्हणाले. "हे औषध अंगात साठत जातं. माणूस झोकांड्या खातो, पेंगतो, विसरतो."

"इसरतो?" म्हातारीनं मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा ती घाबरलेली दिसली. "मी धवल्यातली कडवी इसरायला लागले व्हते. कुनाला सांगितलं नाय."

"येतील परत. वेळ लागेल. अफू मात्र एकदम सोडायची नाही, हाल होतील. दर आठवड्याला थोडी थोडी बारीक करत जायची. गुडघ्याला गरम एरंडाची पानं बांधा. पायांचं मात्र मी काही करू शकत नाही, खोटं सांगणार नाही. घरात, वाटेवर दिवा हवा. तोंड बसून धुवा. आणि काठी वापरा."

"काठी?" शेवंतीनं असा चेहरा केला की जणू त्यांनी तिला लुगडं सोडून विजार घाल म्हटलं. "काठी घेतलेली धवलारीन कुनी पाह्यलीय? मेंढरं हाकायला जाते का मी?"

"मग पडा," डॉक्टर म्हणाले.

ती उठली, दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी थांबली. मग न वळताच म्हणाली, "आनि मीठ?"

"मीठ न खाण्याचा तुमच्या पडण्याशी काही संबंध मला दिसत नाही. खा."

अळणी खाण्यानं बाटलीतलं औषध अंगात जास्त साठलं होतं की काय, मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी तिनं सुक्या बोंबलाचं कालवण चांगलं खारट करून खाल्लं आणि भिवाच्या घरासमोर जाऊन मोठ्यानं ढेकर दिली, हे मला सहदेवनं सांगितलं.

बाटली बंद झाली. आठवड्यामागून आठवडे गेले तसे फोड गेले, जीभ सुटली, पेंग गेली. पौषात ती दवाखान्यात आली तेव्हा गाडीतून स्वतः उतरली. हातात बांबूची काठी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बोललास तर हीच डोक्यात घालीन." कडवी परत आली होती. आमच्या औषधाच्या कपाटासमोर उभी राहून तिनं हळदीचा धवला म्हणून दाखवला, आणि बाकावरचे ताप-खोकलेवाले ऐकत राहिले. डोळे मिटले की ती अजूनही पडत होती. ते जाणार नव्हतं.

पण पाटलाचा निरोप कायम होता. गावदेवीच्या देवळापुढे गाव जमणार होतं आणि धवला तुळसाला द्यायचा हे तिथं पक्कं होणार होतं. डॉक्टर म्हणाले, "मी गेलो तर साहेबाचा माणूस मध्ये पडला म्हणतील. तू जा. काही नको बोलू. फक्त तिच्या मागे उभा राहा." मी काही न बोलणं हे किती अवघड आहे ते त्यांना माहीत होतं.

देवळापुढे महिपत पाटील पारावर बसलेला. वाईट माणूस नव्हता तो. एकुलत्या मुलाचं लग्न, भीती वाटणारच. म्हणाला, "शेवंताय, तुझा मान आमी ठेवतो. लुगडं देतो, पहिला विडा तुला. पन देवाच्या मनात नाय तर आमी काय करनार?"

"देवाच्या मनातलं तुला कोन बोलला?"

पाटलानं भिवाकडे पाहिलं. भिवानं कवड्यांची माळ सारखी केली. "देव ढकलतो. सगल्यांनी पाह्यलं."

शेवंती काठी टेकत त्याच्यासमोर गेली. "बरं. मग मना अशी जागा सांग रं भिवा, जिथं देव येत नाय."

भिवा चक्रावला. लोक त्याच्याकडे बघायला लागले. देव कुठं असतो हे सांगून पोट भरणारा माणूस, देव कुठं नसतो हे सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. शेवटी बायकांतून कोणीतरी म्हणालं, "ताडीच्या दुकानान."

"हां," भिवा घाईनं म्हणाला, "तिथं देव नाय येत."

"तुला बरं माहीत," शेवंती म्हणाली, आणि गाव हसलं, कारण भिवाची संध्याकाळ तिथंच जायची.

मग सगळं गाव, पाटलासकट, ताडीच्या दुकानापुढे. दुकानदाराला वाटलं धाड पडली. शेवंतीनं काठी सहदेवच्या हातात दिली, मडक्यांच्या रांगेसमोर अनवाणी उभी राहिली, पाय जुळवले, हात जोडले. मी मागे जाऊन उभा राहिलो. तिनं डोळे मिटले आणि माझ्या अंगावर आली, पहिल्या दिवशी आली होती तशीच.

"आता कुनी ढकललं?" माझ्या हातात असतानाच ती ओरडली. "सांग भिवा! ताडीच्या मडक्यानं?"

"देव सगलीकडं असतो," भिवा पुटपुटला.

"म्हंजे तू तिथं बसतोस तवा पन बघत असतो!"

आता हसू आवरेना कोणाला. पाटीलही तोंडावर उपरणं धरून होता. पण म्हातारी हसत नव्हती. तिनं काठी घेतली, परत देवळापाशी आली, थेट गावदेवीच्या समोर, पाय फाकवून, काठी रोवून, डोळे टक्क उघडे. आणि देवांना बोलवायला लागली. आवाज तोच, गाव ज्याच्यावर वाढलं तो. एक नाव, दुसरं नाव, गावदेवी, वेशीवरचा, खाडीवरचा, मिठागराचा राखणदार. ती थोडी डुलत होती. पडली नाही. शेवटचं नाव घेऊन झालं तेव्हा तिला धाप लागली होती.

"उभी हाय मी," ती म्हणाली. "देवीच्या तोंडासमोर. माझे पाय मेलेत, ते मना कलत नायत. डोला हाय तवर मी उभी. देवाचं नाव घेऊन माझा धवला घेऊ नका. घ्यायचा तर तुमच्या नावानं घ्या."

 मग जुन्याजाणत्यांपैकी एकजण, भाऊ म्हणत त्याला सगळे, तो म्हणाला, "पन उघड्या डोल्यानं देव बोलवायची रीत नाय, शेवंते. देवाच्या डोल्याला डोला लावायचा नसतो."

ही अडचण खरी होती. भिवाचं थोतांड वेगळं, रीत वेगळी.  म्हातारीनं मात्र क्षणभरही विचार केला नाही.

"तुझ्या दारान पाव्हना आला तर तू डोले मिटून 'या' म्हनतोस का?" ती म्हणाली. "मी देवांना लग्नाला बोलावते. दाराकडं बघूनच बोलावनार."

 पाटलानं पुढे होऊन एवढंच विचारलं, "आनि मांडवान पडलीस तर?"

"तर तुझ्या सुनेची आजी पडली. उचला."

माघात लग्न झालं. डॉक्टर आणि मी दोघेही गेलो. मांडव सहदेवच्या दारात, खाडीवरून वारा सुटलेला, दिवेलागणीची वेळ. मला ती वेळच पसंत नव्हती, पण मुहूर्त काय कंपाउंडरला विचारून ठरतो? मालन पाटावर, हळदीनं पिवळी, खाली मान घालून. शेवंती मध्यभागी आली. नवं लुगडं, काठी. रीतीप्रमाणे सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. त्या दिवशी मांडवात एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

तिनं सुरुवात केली. चारसहा नावं झाली आणि वाऱ्याचा झोत आला. मधली समई विझली. बाहेर उजेड संपला होता. मांडवात काळोख दाटला, आणि मी पाहिलं, म्हातारीची काठी कापायला लागली. डोळे उघडे होते, पण काय उपयोग? ती कलायला लागली. मी उठलो. डॉक्टरांनी माझा हात धरून खाली ओढलं. अजूनही मला त्याचा राग येतो, पण ते बरोबर होते.

म्हातारी थांबली. नाव अर्धवट सोडून थांबली. धवलारणीनं मध्ये थांबायचं नसतं. मग तिनं काठी दोन्ही हातांनी जमिनीत दाबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दिवा आना! देवांना दिसत असंल, मना दिसत नाय!"

कोणी हललं नाही. अपशकुन झाला की काय, या विचारात सगळे. मग बायकांतून तुळसा उठली. तीच तुळसा, जिला धवला मिळायचा होता. ती पडवीतला दिवा घेऊन आली, शेवंतीच्या पुढ्यात बसली आणि दिवा तिच्या पायांपाशी धरला, वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून. शेवंतीनं खाली पाहिलं. आपले पाय तिला दिसले. ते कुठं आहेत ते कळलं. ती सरळ झाली, आणि जिथं सोडलं होतं त्याच नावापासून तिनं पुढे म्हटलं. शेवटच्या देवापर्यंत तुळसा तशीच बसून होती, तिच्या बोटांवर तेल सांडत होतं तरी.

मालन पुढे हे सांगायची तेव्हा म्हणायची, की आजीचा आवाज तिच्या आयुष्यात तिनं तसा परत ऐकला नाही.

शेवंती त्यानंतर बरीच वर्षं गायली. पडलीही अनेकदा, एकदा मनगट मोडलं, ते आम्हीच बांधलं. दर वेळी ती दवाखान्यात येऊन मला शिव्या द्यायची आणि एरंडेलाच्या डब्यासमोर पाय जुळवून, डोळे मिटून माझ्या अंगावर पडून दाखवायची, नव्या रोग्यांना भिवाची गोष्ट सांगण्यासाठी. शेवटी ती तापानं गेली, खाटेवर, दिवा उशाशी ठेवून.

गेल्या वर्षी माजिवड्यात एका लग्नाला गेलो होतो. धवला तुळसाच्या हाताखाली शिकलेल्या एका पोरीनं म्हटला. विशीतली, पाय धडधाकट, डोळे काळेभोर. ती देवांना बोलवायला उभी राहिली, आणि तिनं डोळे मिटले नाहीत. दुसरी एक पोर तिच्या पायांपाशी दिवा धरून बसली, भर दुपारी. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे असं का?

"आमच्याकडची रीतच हाय ती," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

 मला खोकला आला म्हणून मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.